लांबून वाचता आलं पाहिजे

गल्लीत तिला सगळे पाकीटवाली म्हणायचे. नव्याने राहायला आलेल्याला वाटायचं, बाई खिशातली पाकिटं विकत असणार. तसलं काही नव्हतं. चहा, साबणाची पावडर, बिस्किटं, जे जे म्हणून छोट्या दुकानात पाकिटातून विकलं जातं, त्या पाकिटावर काय छापायचं, कुठे आणि केवढं, हे ती ठरवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर संगणक, कात्री, चिकटपट्टी, आणि आयुष्यभर गिळलेला राग. राग टेबलावर दिसत नाही, पण तिथे तो होता हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

राग कसला? अहो, तिने काही सुंदर करावं आणि पाकीट करून घेणाऱ्या मालकांनी त्यावर नांगर फिरवावा, हेच तिचं आयुष्य. "नाव मोठं करा." "अजून मोठं." "लाल जरा जास्त लाल करा." "ही एवढी रिकामी जागा का सोडलीय? पैसे रिकाम्या जागेचे देतोय का मी?" एकाने तर चहाच्या पाकिटावर स्वतःचा फोटो टाकायला लावला होता, आणि माणूस असा की त्याला बघून चहाची तलफच जावी. ती मुकाट्याने करायची आणि माणूस गेला की भांड्यांवर राग काढायची. "डोळे फुटलेत मेल्यांचे," असं म्हणत एकेक पातेलं आपटायची.

पण कामाला चोख. तिची एक पद्धत होती आणि ती पद्धत ती कुणाच्या बापासाठीही सोडत नसे. नवं पाकीट ठरलं की ती त्याचा नमुना छापून, कापून, चिकटवून, आत खरा माल भरून कोपऱ्यावरच्या दुकानात जायची. दुकानदाराला सगळे काका म्हणत. काकांच्या मागच्या फळीवर, बाकीच्या पाकिटांच्या गर्दीत ती आपला नमुना ठेवायची, स्वतः काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे येऊन थांबायची, आणि जे पहिलं म्हातारं माणूस येईल त्याला विचारायची, "तिथे काय लिहिलंय, दिसतंय का?" दिसलं तर पास. नाही दिसलं तर घरी परत.

"घरात भिंतीवर लावून सगळंच छान दिसतं हो," ती मालकांना ऐकवायची. "छोट्या दुकानात गिऱ्हाईक मालाला हात लावत नाही. ते काउंटरपलीकडून बोट दाखवतं. मध्ये सहा फूट अंतर, वर एक मरतुकडी ट्यूबलाइट, समोर शाम्पूच्या माळा लोंबताहेत. त्यातून जे वाचता येतं तेच विकलं जातं." आणि मग बोटांवर मोजून सांगायची की फळीला पुढून दोन बोटं उंच पट्टी असते, माल पडू नये म्हणून, तेव्हा पाकिटाचा तळ गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, पावडर खाली बसली की वरचा भाग रिकामा होऊन पुढे मान टाकतो, तेव्हा अगदी टोकालाही काही लिहू नका. मधला पट्टा तेवढा आपला. मालक माना डोलवायचे.

हे सगळं तिला पाठ होतं. म्हणून तर पुढचं सांगताना माझ्या जिवाला लागतं.

तिचा नवरा एका कारखान्यात फोरमन होता. कारखाना बंद पडला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण नोकरी देतं? काही महिने तो नुसता घरात फिरत राहिला, नळ दुरुस्त कर, बिजागऱ्यांना तेल घाल. मग एके दिवशी त्याने मसाले भाजायला घेतले. सुरुवातीला ती हसली. पण माणूस यंत्रांत मुरलेला. किती आचेवर किती वेळ, दळताना जातं किती तापलं की वास उडतो, हे त्याने असं काही शोधून काढलं की शेजारपाजारचे वाटी घेऊन दारात उभे राहायला लागले. मिरची, हळद, धने, जिरे, आणि त्याचा स्वतःचा मिश्र मसाला. मिश्र मसाल्यात भाजलेली मोहरी होती, तीच त्याची खरी खुबी. डबा उघडला की माणूस बोलता बोलता थांबायचं.

"विकायलाच काढू," धाकटा दीर म्हणाला. स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरून माल टाकायची त्याची सवय जुनी. "दादा बनवेल, मी फिरेन, आणि वहिनी, पाकीट तर घरचंच!"

घरात होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं. मागची खोली गिरणी झाली. कारखाना बंद पडल्यापासून नवरा पहिल्यांदाच ताठ चालायला लागला. आणि पाकीटवालीच्या मनात काय आलं ठाऊक आहे? की आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोक्यावर मालक नाही. "नाव मोठं करा" म्हणणारं कुणी नाही. आता करते माझ्या मनासारखं!

तिने केलं. साईच्या रंगाची पाकिटं, चकाकी नसलेली, हाताला मऊ. मधोमध नाजूक रेघांनी काढलेली एक फांदी, मिरचीची मिरचीला, धन्याची धन्याला. तिने ती चित्रं हाताने काढली, किती वर्षांनी हातात बोरू धरला होता तिने. भोवती भरपूर मोकळी जागा. वर अगदी टोकाशी बारीक अक्षरांत घराण्याचं नाव. आणि कुठला मसाला हे तळाशी, एका अरुंद पट्टीत. पाचही पाकिटं एका कुटुंबातली वाटावीत म्हणून सगळी सारखी, फक्त ती तळाची पट्टी निरनिराळ्या रंगाची. मागे घटक, वजन, वापराची मुदत, सगळं फिकट तपकिरी अक्षरांत, शोभेल असं.

वाचलंत ना? नाव टोकाला, मसाला तळाला. मधल्या पट्ट्यात चित्र. जे जे ती दुसऱ्यांना करू नका म्हणत होती, ते ते तिने केलं. मूर्ख होती का? अजिबात नाही. प्रेमात पडली होती, दुसरं काय.

छापून तिने पाचही भिंतीवर लावली. खिडकीतून छान ऊन येत होतं. नवरा समोर उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"कशी झालीत?"

"छान," तो म्हणाला. "खूप छान झालीत."

"काकांकडे जाऊन बघू या का?" दिराने विचारलं. "तुमची ती परीक्षा?"

"काही नको," ती म्हणाली. "हे वेगळं आहे. हे बघून लोक थांबतील."

नाही गेली. स्वतःच्या पोराला परीक्षेला बसवायचं तिच्या जिवावर आलं. आणि या धंद्यात गोची अशी की छपाईचे सिलिंडर एकदा कोरले की कोरले. प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, आणि छापखाना थोडंथोडकं छापत नाही. भलेमोठे रोल छापूनच देतो. पाकिटं घरात येऊन पडली तेव्हा पलंगाखाली, कपाटावर, माळ्यावर, सगळीकडे तीच. तिने एक रोल गालाला लावून बघितला होता. हे मला तिच्या दिरानेच सांगितलं.

दीर उत्साहाने माल टाकून आला. दोन आठवड्यांनी पैसे आणायला गेला आणि मान खाली घालून परतला.

"काय झालं?"

"काही नाही वहिनी, हळूहळू जाईल."

पुढच्या फेरीलाही तो तसाच आला. तिसऱ्या फेरीला पिशवीत परत आलेला माल होता. साईच्या रंगाची पाकिटं दुकानाच्या धुळीने मळकट झाली होती, जुनाट दिसत होती. एका बाईने धने म्हणून नेलं आणि जिरं निघालं, ती दुकानदाराशी भांडून गेली. काकांनाही फरक कळेना, तर त्यांनी पेनाने पाकिटांवर "ध", "जि" असं लिहून ठेवलं होतं. तिच्या त्या नाजूक फांदीच्या उरावर निळ्या पेनाने भलामोठा "जि".

"मी बघून येते," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

काकांच्या दुकानात ती नेहमीच्या जागी उभी राहिली. फळीकडे बघितलं. आधी तिला आपली पाकिटं दिसेचनात. मग दिसली. पिवळ्या, लाल, चकचकीत पाकिटांच्या मध्ये एक भुरकट खड्डा पडावा तशी ती रांग होती. वरची नावं पुढे वाकून स्वतःच्याच पोटावर पडली होती. खालच्या रंगीत पट्ट्या फळीच्या पट्टीमागे गायब. मध्ये फांद्या. सहा फुटांवरून त्या फांद्या म्हणजे काहीतरी सांडल्याचे डाग.

तेवढ्यात एक आजी आल्या. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "काका, मिश्र मसाला द्या. कुठला चांगला?"

काकांनी, देव त्यांचं भलं करो, हिचंच पाकीट काढून दिलं. "हा घ्या. घरगुती आहे, एक नंबर वास आहे."

आजींनी पाकीट उलटं केलं, लांब धरलं, जवळ धरलं, चष्मा कपाळावर सरकवला. "मोहरी आहे का हो यात? आमच्या नातवाला मोहरीने अंगभर गांधी उठतात, मागे दवाखान्यात न्यावं लागलं होतं."

काकांनी पाकीट ट्यूबलाइटखाली धरलं. "इथे काहीतरी लिहिलंय खरं..." त्यांनाही अक्षर लागेना. मुदतीची तारीख यंत्राने त्याच मजकुरावर उमटवली होती, कारण तारखेला कोरी जागा सोडली तर तोल बिघडेल असं हिला वाटलं होतं.

"आहे," पाकीटवाली म्हणाली. "मोहरी आहे त्यात."

आजींनी वळून बघितलं. "तुम्हाला काय माहीत?"

आता काय सांगणार? ते मीच लिहिलंय म्हणून? काकांनीही नाव फोडलं नाही, हे त्यांचे उपकार.

"वापरते मी," ती कशीबशी म्हणाली.

"तरी बरं तुम्ही होतात," आजी म्हणाल्या. "असं लपवून लिहितात बघा. लोकांच्या जिवाची काही पर्वाच नाही." आणि त्यांनी पाकीट परत केलं.

लपवून! तिने, जिने जन्मभर मालकांशी भांडून घटकांची अक्षरं मोठी करून घेतली, तिने लपवून लिहिलं. घरी येईपर्यंत तिला रस्ता दिसत नव्हता.

मग सुरू झाला चिठ्ठ्यांचा खटाटोप. तिने एका दिवसात भडक पिवळ्या चिठ्ठ्या केल्या, काळ्या जाड अक्षरांत मसाल्याचं नाव, मागे घटक आणि मिश्र मसाल्यावर "यात मोहरी आहे" असं ठळक. नवरा, दीर आणि ती, तिघं जमिनीवर बसून एकेका पाकिटावर चिठ्ठ्या चिकटवत होते. फांद्या झाकल्या जात होत्या. पण त्या मऊ पाकिटाला आणि त्यावर बसलेल्या मसाल्याच्या धुळीला चिठ्ठीचा गोंद धरेना. चार दिवसांत कोपरे उचलले. दुकानदार म्हणाले, चिठ्ठी लावलेला माल म्हणजे खालची तारीख झाकलेला माल असं गिऱ्हाईक समजतं. आणि छोट्या दुकानातली फळी काय कुणासाठी थांबते? एकदा हलला नाही की माल खाली जातो, खालून मागे जातो, आणि त्या जागी दुसरा येतो. तसा आलाही.

त्या चिठ्ठ्या लावताना एक गोष्ट झाली. नवरा प्रत्येक पाकीट डोळ्यांपासून हातभर लांब धरून, कुठलं आहे ते ओळखून मग चिठ्ठी लावत होता. वास घेऊन ओळखत होता, खरं म्हणजे. ती बघत राहिली.

"अहो, चष्मा लावा की."

"लावलाय की गं."

"तुम्हाला भिंतीवर लावलेलं तरी वाचता आलं होतं का?"

त्याने हातातलं पाकीट नीट ठेवलं. दीर उठून पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला.

"नाही," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत? छान छान म्हणालात!"

"छान होतीच ती." तो जरा वेळ पिवळ्या चिठ्ठ्यांचे कोपरे जुळवत बसला. "तू गात होतीस ती काढताना. लग्न झाल्यापासून तुला काम करताना गाताना कधी ऐकलं नव्हतं मी. भांडी आपटतानाच ऐकलंय. मला वाटलं, दुकानात दिसेल. मला वाटलं, मला काय कळतंय त्यातलं."

त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं. तिने पुढची चिठ्ठी लावली, वाकडी लागली, काढून परत लावली.

धंदा बसला. गिरणीचं यंत्र विकत घ्यायला एक माणूस आला, त्याने ते चालवून बघितलं आणि "ठेवलंय मात्र झकास" म्हणाला. नवऱ्याने त्याला जातं तापू न देण्याची युक्ती सांगितली, फुकट, दारापर्यंत सोडायला जाता जाता. मागची खोली परत रिकामी झाली. भिंतींना वास मात्र राहिला, आणि नवरा पुन्हा नळ दुरुस्त करायला लागला, चांगले चालणारे नळसुद्धा.

आणि मग तो मालक आला. मोठा नव्हे, पण जम बसलेला. त्याचाही नवा मसाल्यांचा धंदा, छोट्या दुकानांसाठीच. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाई, नाव मोठं पाहिजे."

"करू," ती म्हणाली.

"लाल जरा जास्त लाल."

"करू."

त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, काय शांत बाई आहे! तिने केलंही. प्रत्येक मसाल्याचं पाकीट वेगळ्या रंगाचं, लांबूनच ओळखू यावं असं. मधल्या पट्ट्यात मसाल्याचं नाव, जाड, पांढऱ्यावर काळं. खाली फळीची पट्टी झाकेल तेवढा भाग नुसता रंगाचा. मागे पांढऱ्या चौकोनात काळ्या अक्षरांत घटक, त्याच्याही मिश्र मसाल्यात मोहरी होती ती ठळक, आणि तारखेला स्वच्छ कोरी जागा. एका बैठकीत झालं. तिला त्यात काही सुचावं लागलं नाही, सगळं पाठच होतं.

नमुना कापून चिकटवला. आता त्यात माल भरायचा, कारण रिकाम्या पाकिटाची परीक्षा होत नाही, ते फुगत नाही आणि मान टाकत नाही. मालकाचा माल अजून तयार नव्हता. ती डब्यात रवा शोधत होती तेवढ्यात नवरा आतून बरणी घेऊन आला. त्याचा मिश्र मसाला, शेवटचा उरलेला.

"रव्याने बरोबर बसणार नाही," तो म्हणाला. "मसाला वेगळा बसतो." आणि त्याने वजन करून, चमच्याने, एक कणही न सांडता तो दुसऱ्याच्या पाकिटात भरला.

ती काकांकडे गेली. काकांनी काही न विचारता फळीवर जागा करून दिली, हिच्या घरच्या पाकिटांची जी जागा होती तीच. ती काउंटरबाहेर थांबली. बऱ्याच वेळाने त्याच आजी आल्या. पिशवी ठेवली, वर बघितलं, आणि हिने काही विचारायच्या आत बोट दाखवून म्हणाल्या, "तो मिश्र मसाला नवा आलाय वाटतं? बघू."

काकांनी पाकीट पुढे केलं. आजींनी उलटून बघितलं. चष्मा लागला नाही. "मोहरी आहे. बघा, याला म्हणतात लिहिणं!" मग नाकाशी नेलं. चिकटवलेल्या कडेतून वास येतच होता. आजी बोलता बोलता थांबल्या. "काय वास आहे हो! आमच्याकडे मोहरी चालत नाही, नाहीतर आत्ता नेला असता. बहिणीला सांगते. कुणाचा म्हणायचा हा?"

काकांनी मान खाली घातली आणि उगाच तराजू पुसायला घेतला.

पाकीटवालीने त्या दुसऱ्या मालकाचं नाव सांगितलं.

घरी आली तेव्हा नवरा दारातच होता. "वाचता आलं?"

"लगेच."

"लांबून?"

"हो."

"चांगलं झालं," तो म्हणाला. त्याने तिच्या हातातून पाकीट घेतलं, कडा हलकेच सोडवली, मसाला परत बरणीत ओतला, आणि नमुना मालकाला दाखवायचा होता म्हणून हाताने सारखा करून तिच्या टेबलावर ठेवला.